रिकामा दिसणारा सेल खरंच रिकामा आहे का? COUNTA, COUNTBLANK आणि ISBLANK यांची वेगवेगळी उत्तरं

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या छत्रपती संभाजीनगरात उन्हाळा म्हटला की टँकर आलाच. शहराचं पाणी जायकवाडीहून, म्हणजे पैठणच्या नाथसागरातून येतं. पण ते नळाला रोज येत नाही, मधे बरेच दिवस जातात. त्यामुळे बीड बायपासकडच्या सोसायट्यांमध्ये टँकरची वर्गणी हा उन्हाळ्यातला कायमचा विषय. अशाच एका चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत माझ्या वडिलांचे मित्र खजिनदार आहेत. प्रत्येक फ्लॅटमागे ६०० रुपये ठरले होते. काकांनी हिशेबाची एक्सेल फाईल मोबाईलवरच सांभाळली होती, आणि एका संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकला: ३६ फ्लॅटचे पैसे जमा, फक्त ४ बाकी.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी साधा गुणाकार केला. ३६ गुणिले ६०० म्हणजे २१,६०० रुपये. काकांकडे प्रत्यक्षात होते १८,६००. मग तीन हजार गेले कुठे?

ग्रुपवर थेट कुणी काही बोललं नाही, पण "काका, एकदा हिशेब टाका ना" असे तीन-चार मेसेज आले. त्याचा अर्थ काय ते काकांना बरोबर कळलं. रात्री त्यांचा मला फोन. "अरे, तू इंजिनिअर आहेस ना? ही फाईल बघ बरं जरा. मी रुपयासुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही. माझी रात्रीची झोप उडालीय."

फाईल उघडली. पैसे कुठेही गेले नव्हते. गडबड एवढीच होती की काही सेल रिकामे *दिसत* होते पण रिकामे नव्हते, आणि काही खरंच रिकामे होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच. एक्सेलला मात्र दोन्ही वेगळे, आणि तेही प्रत्येक फंक्शनच्या दृष्टीने वेगवेगळ्या प्रकारे.

काकांची शीट

शीटमध्ये दोन टॅब होते. पहिला `Jama`: ज्याने पैसे दिले त्याचा फ्लॅट नंबर आणि रक्कम, जसजसे पैसे येतील तसतशी एकेक ओळ. दुसरा मुख्य टॅब: A कॉलममध्ये सगळे चाळीस फ्लॅट, B मध्ये नावं, आणि C मध्ये रक्कम. ही रक्कम `Jama` मधून आपोआप यावी म्हणून कुणीतरी काकांना हा फॉर्म्युला लिहून दिला होता:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Jama!A:B,2,FALSE),"")
```

मराठीत सांगायचं तर: A2 मधला फ्लॅट नंबर `Jama` टॅबमध्ये शोध, सापडला तर त्याची रक्कम दाखव, नाही सापडला तर काहीच दाखवू नकोस. हे "काहीच दाखवू नकोस" म्हणजे शेवटची दोन अवतरण चिन्हं, `""`. त्यांच्यामध्ये काहीही नाही. यालाच आपण रिकामा मजकूर म्हणू.

आता दुसरी गंमत. यादी पहिल्यांदा बनवली तेव्हा बी विंगमधले शेवटचे चार फ्लॅट, बी-१७ ते बी-२०, ताब्यात दिलेले नव्हते. ते नंतर यादीत खाली जोडले गेले. नावं लिहिली, पण C कॉलममधला फॉर्म्युला तिथपर्यंत ओढायचा राहून गेला. म्हणजे C2 ते C37 मध्ये फॉर्म्युला होता आणि C38 ते C41 हे चार सेल कोरे.

स्क्रीनवर काय दिसत होतं? २९ सेलमध्ये ६००, आणि ११ सेल पांढरे. त्या अकरांपैकी सात सेलमध्ये फॉर्म्युला होता, ज्याने "काही नाही" असं उत्तर दिलं होतं. उरलेल्या चारांमध्ये उत्तर द्यायला कुणी नव्हतंच.

आहेराचं पाकीट

हा फरक लग्नातल्या आहेरावरून चटकन कळतो. एक पाहुणा पाकीट न देताच जेवून गेला. दुसऱ्याने पाकीट दिलं, त्यावर नाव घातलं, पण आत नोट ठेवायला विसरला. रक्कम दोघांकडूनही शून्यच आली. पण तुम्ही "किती पाकिटं आली?" असं मोजलं तर दुसरा पाहुणा मोजला जाईल, पहिला नाही. "किती जणांकडून काहीच मिळालं नाही?" असं मोजलं तर दोघंही मोजले जातील.

`COUNTA` पाकिटं मोजतं. सेलमध्ये काहीही असलं, आकडा, मजकूर, अगदी रिकामा मजकूरसुद्धा, तरी ते त्याला "भरलेला" धरतं. काकांनी वापरलं होतं `=COUNTA(C2:C41)` आणि उत्तर आलं ३६. त्यांनी त्याचा अर्थ "३६ जणांनी पैसे दिले" असा घेतला. खरा अर्थ होता "३६ सेलमध्ये फॉर्म्युला आहे". तो पैशांबद्दलचा आकडा नव्हताच.

`COUNTBLANK` पाकीट उघडून बघतं. आत काही नसेल तर ते रिकामं, मग पाकीट असो वा नसो. `=COUNTBLANK(C2:C41)` चं उत्तर ११.

आणि `ISBLANK` सगळ्यात कडक. पाकीटच नसेल तर आणि तरच ते `TRUE` म्हणतं. रिकामं पाकीट त्याच्या लेखी रिकामं नाही. `ISBLANK` एकाच सेलबद्दल सांगतं, म्हणून पूर्ण कॉलम मोजायला त्याला `SUMPRODUCT` मध्ये गुंडाळावं लागतं:

```
=SUMPRODUCT(ISBLANK(C2:C41)*1)
```

उत्तर ४. (इथे बरेच जण `*1` ऐवजी आधी दोन वजाची चिन्हं लावतात. चालतं, पण आयफोनवर टाईप करताना स्मार्ट पंक्च्युएशन सुरू असेल तर दोन वजाची मिळून एक लांब रेघ होते आणि फॉर्म्युला एरर देतो. मोबाईलवर `*1` बरं. अवतरण चिन्हांचंही तेच: व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या फॉर्म्युल्यात वाकडी अवतरणं आली तर ती पुसून साधी टाका.)

नावाने फसायला होतं ते इथेच. `COUNTBLANK` आणि `ISBLANK` दोघांच्याही नावात तोच शब्द, आणि दोघांची "रिकामं" म्हणजे काय याची व्याख्या वेगळी. हे असं का केलं असेल यावर मी बराच विचार केलाय, आता सोडून दिलंय. लक्षात ठेवणं सोपं आहे.

दोन चुका एकमेकींना साक्ष देतात तेव्हा

मी काकांना विचारलं, "पण काका, तुम्ही नुसत्या एका आकड्यावर मेसेज टाकला?" ते म्हणाले, "नाही रे, मी पडताळलं ना! शेजारच्या कॉलममध्येही छत्तीसच येतात."

हे खरं होतं. D कॉलममध्ये त्यांनी असा फॉर्म्युला टाकला होता, आणि हा मात्र सगळ्या चाळीस ओळींत होता:

```
=IF(C2>=600,"पूर्ण","बाकी")
```

आणि खरोखरच ३६ ओळींत "पूर्ण" आणि ४ ओळींत "बाकी" दिसत होतं. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच उत्तर आलं, तर कुणीही विश्वास ठेवेल. मीही ठेवला असता.

पण ज्या सात जणांनी छदामही दिला नव्हता, त्यांच्यापुढे "पूर्ण" कसं? कारण एक्सेलमध्ये मजकूर आणि आकडा यांची तुलना केली की मजकूर नेहमी मोठा ठरतो. कुठलाही मजकूर, कुठल्याही आकड्यापेक्षा. रिकामा मजकूरही मजकूरच, म्हणून `""` हे ६०० पेक्षा मोठं. सहा लाख लिहिले असते तरी मोठंच ठरलं असतं. एखाद्या कोऱ्या सेलमध्ये `="">=600` लिहून बघा, `TRUE` येईल.

उलट खरंच रिकाम्या सेलला एक्सेल अशा तुलनेत शून्य धरतं. शून्य ६०० पेक्षा लहान, म्हणून त्या चार ओळींत "बाकी". म्हणजे दोन्ही पद्धतींना सातच सेलनी फसवलं होतं, आणि तेही एकाच दिशेने. पडताळणी करताना मी आता हे बघतो की दुसरी पद्धत पहिलीच्याच खड्ड्यावरून जात नाही ना.

ही चूक जास्त धोकादायक आहे, कारण ती गप्प राहते. बेरीज केली तर एक्सेल निदान ओरडतं: रिकाम्या मजकुरात `=C5+100` असं केलं तर `#VALUE!` येतं, आणि खरंच रिकाम्या सेलमध्ये केलं तर निमूट १०० येतात. `SUM` मात्र मजकूर सोडून पुढे जातं, त्यामुळे काकांची C कॉलमची बेरीज १७,४०० येत होती, म्हणजे २९ गुणिले ६००. तिच्यात काहीच चूक नव्हती. पण हातात १८,६०० होते. म्हणजे एका हिशेबाने तीन हजार कमी आणि दुसऱ्या हिशेबाने बाराशे जास्त! काका का घाबरले ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

ते बाराशे कुठून आले

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दोन्ही प्रकारच्या रिकामेपणाचा *अर्थ* वेगळा होता.

ज्या सात सेलमध्ये रिकामा मजकूर होता, त्यांच्याबद्दल शीट सांगत होती: "मी `Jama` मध्ये शोधलं, नोंद सापडली नाही." ज्या चार सेलमध्ये काहीच नव्हतं, त्यांच्याबद्दल शीट काहीच सांगत नव्हती. तिथे शोधलंच गेलं नव्हतं. "नाही" हे उत्तर आणि "विचारलंच नाही" यात जो फरक आहे तोच.

मी C37 मधला फॉर्म्युला खाली C41 पर्यंत ओढला. चारांपैकी दोन ओळींत ६०० उमटले: बी-१८ आणि बी-२०. त्यांनी पैसे केव्हाच दिले होते, `Jama` मध्ये नोंदही होती, फक्त मुख्य टॅबवर येत नव्हती. हे होते ते बाराशे. आता चित्र असं झालं: पैसे देणारे ३१, रक्कम १८,६००, खरोखर बाकी ९.

म्हणजे "बाकी किती?" या प्रश्नाला त्या एका शीटने दोन उत्तरं दिली होती, ४ आणि ११, आणि दोन्ही चूक होती. काकांनी ११ हा आकडा धरून बाकीदारांची यादी ग्रुपवर टाकली असती, तर ज्यांनी वेळेवर पैसे दिले अशा दोन घरांची नावं त्यात गेली असती. सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको की त्यानंतर काय झालं असतं.

एका ओळीत शोधायची युक्ती

कुठल्याही शीटमध्ये असे रिकाम्या मजकुराचे सेल लपलेत का, हे बघायला मी हा फॉर्म्युला वापरतो:

```
=COUNTA(C2:C41)+COUNTBLANK(C2:C41)-ROWS(C2:C41)
```

यामागचं गणित सरळ आहे. भरलेले अधिक रिकामे म्हणजे एकूण सेल, असंच आपल्याला वाटतं. पण रिकाम्या मजकुराचा सेल दोन्हीकडे मोजला जातो, `COUNTA` मध्ये भरलेला म्हणून आणि `COUNTBLANK` मध्ये रिकामा म्हणून. त्यामुळे बेरीज एकूण सेलपेक्षा जितकी जास्त, तितके रिकाम्या मजकुराचे सेल. काकांच्या मूळ शीटवर: ३६ अधिक ११ म्हणजे ४७, वजा ४०, उत्तर ७. शून्य आलं तर कॉलम स्वच्छ. (एकापेक्षा जास्त कॉलम एकदम तपासायचे असतील तर `ROWS` ला त्याच रेंजच्या `COLUMNS` ने गुणा.)

हे गुगल शीट्समध्येही असंच चालतं.

एकाच सेलबद्दल शंका असेल तर दोन कोऱ्या जागी `=ISBLANK(C5)` आणि `=LEN(C5)` लिहा. `TRUE` आणि ० आलं तर सेल खरंच रिकामा. `FALSE` आणि ० आलं तर रिकामा मजकूर. आणि `FALSE` सोबत १ किंवा जास्त आलं तर तिसराच प्राणी आहे: तिथे काहीतरी अक्षर आहे, फक्त ते दिसत नाही.

या तिसऱ्या प्राण्याबद्दल थोडंसं. बहुतेक वेळा ती स्पेस असते. मोबाईलवर सेल पुसायला जाऊन स्पेसबारवर अंगठा पडतो, झालं. `COUNTBLANK` अशा सेलला मोजत नाही, म्हणून वरची युक्तीही त्याला पकडत नाही. तिथे `LEN` च हवं. मराठी टाईप करणाऱ्यांना आणखी एक त्रास आहे: कीबोर्डवरून कधीकधी शून्य रुंदीचं जोडअक्षराचं चिन्ह एकटंच मागे राहतं. `LEN` १ आलं आणि `=UNICODE(C5)` ला ३२ ऐवजी ८२०५ किंवा ८२०४ आलं, तर तेच. `TRIM` ने स्पेस जाते, हे जात नाही. तेवढा एक सेल निवडून डिलीट करा. पूर्ण नावांच्या कॉलममधून ते चिन्ह काढून टाकायला मात्र जाऊ नका, कारण काही कीबोर्ड "र्‍य" सारखी जोडाक्षरं त्याच चिन्हाच्या आधाराने लिहितात आणि मग लोकांची आडनावं मोडतात.

आत नेमकं काय साठवलं जातं

ज्यांना खोलात जायचं नाही त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. `.xlsx` फाईल म्हणजे खरं तर झिप केलेलं फोल्डर असतं. एक कॉपी करून तिचं एक्स्टेंशन `.zip` करा आणि उघडा. आत `xl/worksheets` मध्ये प्रत्येक शीटची एक एक्सएमएल फाईल सापडेल. काकांच्या शीटमधला रिकाम्या मजकुराचा सेल तिथे साधारण असा दिसतो (फॉर्म्युला मी गाळलाय):

```
<c r="C5" t="str"><f>...</f><v></v></c>
```

सेल आहे, त्याचा प्रकार मजकूर असा लिहिलाय, किंमत कोरी आहे. आणि C38? त्याची किंमत सांगणारी ओळच फाईलमध्ये नाही. रंग किंवा बॉर्डर दिली असेल तर नुसता सांगाडा असतो, तेवढंच.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी हे आधी पाहिलं असेल. डेटाबेसमध्ये `NULL` आणि `''` यांचा वाद हाच आहे, आणि तिथेही सगळ्यांचं एकमत नाही: ऑरेकलमध्ये रिकामा मजकूर साठवला की तो `NULL` च होतो, पोस्टग्रेसमध्ये दोन्ही वेगळे राहतात.

सीएसव्हीमध्ये तर हा फरक टिकतच नाही. शीट सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की दोन्ही प्रकारांच्या जागी दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच उरत नाही, आणि ती परत एक्सेलमध्ये उघडली की सगळे खरंच रिकामे. कधी हे सोयीचं पडतं, कधी त्यात माहिती हरवते. काकांच्या बाबतीत हरवली असती.

फॉर्म्युला गेला, भूत राहिलं

जूनमध्ये पुन्हा फोन आला. या वेळी काकांच्या मुलाने मे महिन्याचा हिशेब "पक्का" करायचा म्हणून C कॉलम कॉपी करून त्याच जागी Paste Values केला होता. आता फॉर्म्युले नाहीत. रिकाम्या दिसणाऱ्या सेलवर बोट ठेवलं की वरच्या पट्टीतही काही दिसत नाही. तरीही `COUNTA` चं उत्तर ४०.

एक्सेलमध्ये असं होतं. Paste Values फॉर्म्युला काढतं आणि त्याचं उत्तर ठेवतं. उत्तर रिकामा मजकूर होतं, म्हणून रिकामा मजकूर राहिला. पाकिटावरचं नावही गेलं, पाकीट तसंच. या प्रकाराला मी भूत म्हणतो, कारण बघून ओळखायचा कुठलाही मार्ग नाही. लॅपटॉपवर एक खूण मिळते: कॉलम निवडून Go To Special मधून Blanks निवडलं तर एक्सेल यातला एकही सेल पकडत नाही. समोर नऊ पांढरे सेल दिसत असताना ते म्हणतं, असे सेल सापडलेच नाहीत. अशा वेळी संगणकावर राग काढू नका, ते खरं बोलतंय.

काढायचं कसं? मोबाईलवर सोपा मार्ग फिल्टरचा. C कॉलमला फिल्टर लावा, फक्त Blanks ठेवा, जे दिसतील ते निवडून डिलीट करा, फिल्टर काढा. फिल्टरला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, आणि इथे ते आपल्या पथ्यावर पडतं. लॅपटॉप असेल तर कॉलम निवडून Data मधलं Text to Columns उघडा आणि काहीही न बदलता Finish दाबा. एक्सेल प्रत्येक सेल नव्याने वाचतं आणि भुतं जातात. मात्र ज्या कॉलममध्ये अजून फॉर्म्युले जिवंत आहेत तिथे यातलं काहीही करू नका.

पुसण्याआधी थांबून एक विचार करा: हा रिकामा मजकूर "शोधलं, सापडलं नाही" असं सांगत होता का? सांगत असेल, तर पुसण्याऐवजी तिथे शब्दांत लिहिलेलं चांगलं.

मी काकांना काय करून दिलं

सुरुवातीला मी फॉर्म्युल्यातलं `""` काढून तिथे "नोंद नाही" असा मजकूर टाकला. पांढऱ्या सेलपेक्षा तो काकांना आवडला, कारण आता कोरा सेल दिसला की तिथे फॉर्म्युला पोचला नाही हे लगेच कळतं. पैसे किती जणांनी दिले यासाठी `COUNTA` काढून `COUNT` टाकलं. `COUNT` फक्त आकडे मोजतं, मजकूर कुठलाही असो, त्याच्याकडे बघत नाही. रकमेच्या कॉलमला मुळात हेच हवं होतं. आणि D कॉलममध्ये तुलना करण्याआधी सेलमध्ये आकडा आहे का हे विचारलं:

```
=IF(ISNUMBER(C2),IF(C2>=600,"पूर्ण","अपुरे"),"बाकी")
```

यावर काकांचा प्रश्न आला, "सरळ फॉर्म्युल्यानेच सेल खरा रिकामा ठेवता येत नाही का?" एक्सेलमध्ये नाही. फॉर्म्युला ज्या सेलमध्ये बसलाय तो सेल रिकामा असूच शकत नाही. `IF` मध्ये ती जागा कोरी सोडली तर ० येतं. गुगल शीट्समध्ये मात्र येतं: `=IF(A2="",,A2*2)` असं दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच न लिहिता सोडलं तर खरी रिकामी किंमत मिळते आणि `COUNTA` तिला मोजत नाही. म्हणून शीट्समध्ये बनवलेली फाईल एक्सेलमध्ये नेणार असाल तर अशा फॉर्म्युल्यांकडे आधी बघा, नाहीतर कोऱ्या जागी शून्यं उगवतील.

त्या रात्री काकांनी ग्रुपवर नवा मेसेज टाकला: ३१ जमा, ९ बाकी, रक्कम १८,६००, सोबत `Jama` टॅबचा स्क्रीनशॉट. पाच मिनिटांत बी-१८ मधल्या काकूंचा अंगठा आला. बाकीच्या नऊपैकी चार जणांनी त्याच रात्री पैसे पाठवले.